गुळाचा दर पडला तर गुऱ्हाळ कधी बंद ठेवायचं? सीमांत खर्चापासून अल्पकालीन पुरवठा वक्रापर्यंत

पूर्ण स्पर्धेतल्या उत्पादन संस्थेचा अल्पकालीन पुरवठा वक्र म्हणजे तिच्या सीमांत खर्च वक्राचा सरासरी बदलत्या खर्चाच्या वरचा भाग. हे वाक्य बी.ए., बी.कॉम.च्या मुलांना पाठ असतं. पण वक्राचा खालचा तुकडा का कापायचा, नेमका तिथेच का कापायचा आणि भाड्याचे लाखभर रुपये त्या हिशेबात का धरायचे नाहीत, असं विचारलं की बहुतेकांची गाडी अडते. आकृती काढून ते समजत नाही, एका धंद्याचा हिशेब शेवटपर्यंत करून बघावा लागतो. म्हणून इथे कोल्हापूर भागातलं एक गुऱ्हाळ घेऊ. आकडे सुटसुटीत यावेत म्हणून मी जुळवले आहेत, पण खर्चाची घडण गुऱ्हाळाचीच आहे.

आधी बघायचं: दर आपल्या हातात आहे का?

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचा सौदा होतो. रवे मांडलेले असतात, व्यापारी रंग, कण आणि कडकपणा बघतात आणि बोली लागते. एका गुऱ्हाळाचे पाच-सात क्विंटल त्या आवकेत कमी आले काय किंवा जास्त आले काय, दर हलत नाही. त्याच प्रतीच्या गुळाला त्या दिवशी जो दर, तोच आपल्याला. पूर्ण स्पर्धेची ही अट पाळली जात असेल तरच पुढचं सगळं लागू पडतं. आपला माल वाढवल्यावर दर उतरत असेल, तर त्या धंद्याला अशा अर्थाचा पुरवठा वक्रच नसतो. नावाजलेल्या ब्रँडला स्वतःचा भाव ठरवताना हा हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही, तो यामुळेच.

दर कुठला धरायचा, हेही इथेच ठरवून टाकावं. सौद्यात ₹३,६५० पुकारले म्हणजे हातात ₹३,६५० पडतात असं नाही. गाडीभाडं, हमाली, तोलाई आणि पट्टीत होणारी बाकीची कपात क्विंटलमागे ₹१५० असेल, तर आपला दर ₹३,५००. इथून पुढे ‘दर’ म्हणजे हा हातात पडणारा दर.

खर्चाची विभागणी: एकच प्रश्न विचारायचा

आपल्या गुऱ्हाळवाल्याने चुलवाण, दोन काहिली आणि चरक असलेलं गुऱ्हाळघर हंगामासाठी भाड्याने घेतलं आहे. भाडं आणि सुरुवातीची डागडुजी मिळून ₹२,४५,००० दिले. हंगाम १२५ दिवसांचा, म्हणजे दिवसाला ₹१,९६०. करार असा की पैसे परत मिळत नाहीत आणि गुऱ्हाळघर दुसऱ्या कुणाला चालवायलाही देता येत नाही.

उरलेला खर्च रोजचा: ऊस, गुळव्यासकट सगळ्या गड्यांची मजुरी, चरकाला डिझेल, चिपाड कमी पडलं तर लाकूड, मळी काढायला भेंडी, रव्यांना कापड. उद्या गुऱ्हाळ बंद ठेवायचं असेल आणि तसं आदल्या संध्याकाळी सांगितलं, तर यातलं काहीच लागत नाही.

प्रत्येक बाबीपुढे एकच प्रश्न लिहायचा: उद्या बंद ठेवलं तर हा पैसा वाचतो का? वाचत असेल तर तो खर्च निर्णयात येतो. वाचत नसेल तर तो बुडीत आहे आणि निर्णयातून बाहेर जातो. पुस्तकातले ‘स्थिर’ आणि ‘बदलता’ हे शब्द उत्पादनाबरोबर खर्च बदलतो की नाही एवढंच सांगतात. ‘बुडीत’ हा शब्द तो खर्च टाळता येतो की नाही हे सांगतो. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि बहुतेक चुका त्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. गडी महिन्याच्या पगारावर असतील आणि बसून राहिले तरी पगार द्यावा लागत असेल, तर मजुरीही बुडीतात जाईल. आपल्या उदाहरणात ते रोजावर आहेत.

ऊस स्वतःच्या शेतातला असेल तर तो फुकट समजायचा मोह होतो. तो टाळावा. शेतात उभा असलेला ऊस कारखान्याला घालता आला असता, म्हणून तिथे जो दर सुटला असता तो आपला उसाचा खर्च.

एकेका आदणाचा हिशेब

गुऱ्हाळात माल आदणाने निघतो. काहिलीत एकदा ओतलेला रस आटून गूळ होईपर्यंत एक आदण. आपल्या गुऱ्हाळात एका आदणाला बरोबर एक क्विंटल गूळ पडतो असं धरू. मग सीमांत खर्च म्हणजे आणखी एक आदण काढायचं ठरवलं तर एकूण बदलता खर्च जेवढा वाढतो तो.

पहिलं आदण महाग पडतं. साडेनऊ क्विंटल ऊस, क्विंटलला ₹३०० प्रमाणे ₹२,८५०. वर ₹६६०, कारण चुलवाण गार असतं, ते तापायलाच बरंच जळण जातं, आणि गडी सगळे हजर पण काम एकाच काहिलीचं. चौथ्या आदणापर्यंत घडी बसते. चुलवाण धगधगत असतं, एका काहिलीत मळी निघत असताना दुसरीतला गूळ उतरतो. ऊस तेवढाच ₹२,८५०, पण वरचा खर्च ₹४२०. मिळून ₹३,२७०.

आठव्या आदणाला चित्र बदललेलं असतं. वाळलेलं चिपाड संपतं आणि लाकूड विकत आणावं लागतं. रात्र होते, गड्यांना जादा पैसे द्यावे लागतात. सकाळी तोडून आणलेला ऊस दिवसभर पडून राहिलेला असतो, त्यामुळे उतारा घटतो आणि एक क्विंटल गुळाला साडेनऊऐवजी दहा क्विंटल ऊस लागतो. ऊस ₹३,०००, वरचा खर्च ₹७९०, एकूण ₹३,७९०. सीमांत खर्च आधी उतरतो आणि मग चढतो तो अशा कारणांनी. दोन काहिली, एक चुलवाण आणि दिवसाचे तास ठरलेले असताना त्यांच्यावर काम वाढवत गेलं की हे होणारच.

पूर्ण दिवसाचा तक्ता असा:

| आदण (क्विंटल) | एकूण बदलता खर्च ₹ | या आदणाचा सीमांत खर्च ₹ | सरासरी बदलता खर्च ₹ |
|---|---|---|---|
| १ | ३,५१० | ३,५१० | ३,५१० |
| २ | ६,८८० | ३,३७० | ३,४४० |
| ३ | १०,१७० | ३,२९० | ३,३९० |
| ४ | १३,४४० | ३,२७० | ३,३६० |
| ५ | १६,७५० | ३,३१० | ३,३५० |
| ६ | २०,१६० | ३,४१० | ३,३६० |
| ७ | २३,७३० | ३,५७० | ३,३९० |
| ८ | २७,५२० | ३,७९० | ३,४४० |
| ९ | ३१,५९० | ४,०७० | ३,५१० |

शेवटचे दोन स्तंभ शेजारी ठेवून वाचा. चार आदणांची सरासरी ₹३,३६० आहे. पाचवं ₹३,३१० ला पडतं, म्हणजे सरासरीपेक्षा स्वस्त, म्हणून ते सरासरी खाली ओढतं आणि ती ₹३,३५० होते. सहावं ₹३,४१० ला, म्हणजे सरासरीपेक्षा महाग, म्हणून ती पुन्हा वर जाते. सीमांत खर्चाचा वक्र सरासरी बदलत्या खर्चाला त्याच्या तळाशीच छेदतो असं आकृतीत दाखवतात, त्याचं कारण एवढंच आहे. इथे तळ पाच आदणांवर आहे, ₹३,३५० ला.

भाड्याचे ₹१,९६० या तक्त्यात कुठेच नाहीत. ते मुद्दाम बाहेर ठेवले आहेत.

किती आदणं काढायची?

दर ₹३,५०० धरू. प्रत्येक आदणावर दर आणि सीमांत खर्च यांतला फरक बघत जायचं. पहिल्यावर ₹१० तोटा. दुसऱ्यावर ₹१३० सुटतात, तिसऱ्यावर ₹२१०, चौथ्यावर ₹२३०, पाचव्यावर ₹१९०, सहाव्यावर ₹९०. सातवं ₹३,५७० ला पडतं, म्हणजे ₹७० घालवून काढावं लागेल. सहावर थांबायचं. बेरीज ₹८४०. ताळा असा: सहा क्विंटलचे ₹२१,००० आले, बदलता खर्च ₹२०,१६० झाला, उरले ₹८४०.

आता भाडं आणा. दिवसाचे ₹१,९६० वजा केले की ₹१,१२० तोटा दिसतो. याच जागी पुष्कळ लोक ‘तोट्यात धंदा कशाला करायचा’ म्हणून चुलवाण विझवायला निघतात. पण बंद ठेवलं तर तोटा किती? पूर्ण ₹१,९६०, कारण भाडं तर दिलेलंच आहे. चालू ठेवून ₹१,१२० आणि बंद ठेवून ₹१,९६०. चालू ठेवलेलं ₹८४० ने बरं, आणि हे ₹८४० म्हणजे वर निघालेली बेरीजच.

पहिल्या आदणावर ₹१० तोटा होता, तरी आपण तिथे थांबलो नाही. ‘दर सीमांत खर्चापेक्षा कमी झाला की थांबा’ हा नियम सीमांत खर्च चढत असतानाच चालतो. तो उतरत असताना लावला तर पहिल्याच आदणाला गुऱ्हाळ बंद करावं लागेल. दर आणि सीमांत खर्च दोन ठिकाणी जुळू शकतात, एकदा उतारावर आणि एकदा चढावर. उतारावरच्या जागी थांबणं म्हणजे पुढची स्वस्त आदणं सोडून देणं. म्हणून पुरवठा वक्रासाठी सीमांत खर्चाची उतरती बाजू पहिल्याच फटक्यात बाद होते.

चढती बाजूही पूर्ण का घेता येत नाही?

दर ₹३,३०० वर आला. चौथं आदण ₹३,२७० ला, पाचवं ₹३,३१० ला. नियमाप्रमाणे चार आदणांवर थांबायचं, आणि आपण चढत्या बाजूवरही आहोत, कारण पाचवं चौथ्यापेक्षा महाग आहे. म्हणजे चारच योग्य?

फरकांची बेरीज करा. पहिल्यावर ₹२१० तोटा, दुसऱ्यावर ₹७० तोटा, तिसऱ्यावर ₹१० फायदा, चौथ्यावर ₹३० फायदा. एकूण ₹२४० तोटा. गुऱ्हाळ चालवायचंच असेल तर चार आदणं हाच सर्वांत कमी तोट्याचा आकडा, पाच काढली तर ₹२५० जातात. पण न चालवणं हाही एक पर्याय आहे, आणि त्यात हे ₹२४० जात नाहीत. चालवलं तर दिवसाचा तोटा ₹१,९६० अधिक ₹२४०, म्हणजे ₹२,२००. बंद ठेवलं तर ₹१,९६०. या दरात बंदच ठेवायचं.

आता दर ₹३,३५० करा. पहिल्यावर ₹१६० तोटा, दुसऱ्यावर ₹२० तोटा, मग ₹६०, ₹८० आणि ₹४० फायदा. बेरीज बरोबर शून्य. सुरुवातीच्या महाग आदणांत घातलेले ₹१८० नंतरच्या तीन आदणांनी तंतोतंत भरून काढले. याच्या खाली ते भरून निघत नाहीत, याच्या वर काहीतरी उरतं. हाच बंद-बिंदू: दर ₹३,३५०, उत्पादन पाच क्विंटल. या एका दरावर चालवलं काय आणि बंद ठेवलं काय, तोटा ₹१,९६० च.

सीमांत खर्च हा शेवटच्या आदणाबद्दल बोलतो. चालवायचं की नाही हा प्रश्न सगळ्या आदणांबद्दलचा आहे, म्हणून त्याचं उत्तर सरासरी बदलत्या खर्चाकडून मिळतं. त्यामुळे तपासण्या दोन लागतात: किती काढायचं हे सीमांत खर्च सांगतो, आणि काढायचं की नाही हे सरासरी बदलता खर्च.

हेच बीजगणितात मांडलं की भाडं कसं गळून पडतं ते स्पष्ट दिसतं. `p` दर, `q` क्विंटल, `VC` एकूण बदलता खर्च, `AVC` सरासरी बदलता खर्च, `F` बुडीत स्थिर खर्च:

```
चालू ठेवलं तर:    p*q - VC(q) - F
बंद ठेवलं तर:     -F

चालू ठेवा जर:     p*q - VC(q) - F >= -F
म्हणजे:           p*q >= VC(q)
q ने भागून:       p >= AVC(q)
```

`F` दोन्ही बाजूंना आहे, म्हणून कटतो. तो ₹१,९६० असो, ₹१०,००० असो की शून्य असो, शेवटची ओळ बदलत नाही. भाडं डोईजड झालं म्हणून गुऱ्हाळ बंद ठेवण्यात अर्थ नसतो, आणि भाडं वसूल व्हावं म्हणून ₹३,३०० दराला आदणं काढत राहण्यातही नसतो.

पुरवठा वक्र काढायचा

आता तक्त्यातून वक्र वाचून घेता येतो. उभ्या अक्षावर दर, आडव्या अक्षावर दिवसाचे क्विंटल. ₹३,३५० च्या खाली प्रत्येक दराला पुरवठा शून्य, म्हणजे रेषा उभ्या अक्षालाच चिकटून वर येते. ₹३,३५० ला ती शून्यावरून थेट पाचवर उडी मारते. एक, दोन, तीन किंवा चार क्विंटल हे उत्तर कुठल्याच दराला येत नाही. ₹३,४१० पर्यंत पाच, तिथून ₹३,५७० पर्यंत सहा, ₹३,७९० पर्यंत सात, ₹४,०७० पर्यंत आठ आणि त्यावर नऊ.

परीक्षेत बरेच जण ही उडी न दाखवता वक्र मूळबिंदूपासून किंवा सीमांत खर्चाच्या तळापासून सुरू करतात. तळापासून सुरू केला की चार आदणांवरचा ₹३,३०० चा बिंदू वक्रावर येतो, आणि तिथे ₹२४० घरचे जातात हे आपण नुकतंच बघितलं. आकृती तपासायला सोपी खूण अशी: वक्राचं खालचं टोक सरासरी बदलत्या खर्चाच्या वक्राला स्पर्श करतं का? करत नसेल तर आकृती चुकली.

आदण अर्धं काढता येत नाही, म्हणून आपला वक्र पायऱ्यांचा आहे. पुस्तकातला सलग वक्र हवा असेल तर वरच्या तक्त्यातले आकडे ज्या सूत्रातून येतात ते घ्या, त्यात `MC` म्हणजे सीमांत खर्च:

```
VC(q)  = 3600q - 100q^2 + 10q^3
AVC(q) = 3600 - 100q + 10q^2
MC(q)  = 3600 - 200q + 30q^2
```

`AVC` चा तळ काढायला त्याचा उतार शून्य धरा: `-100 + 20q = 0`, म्हणून `q = 5`, आणि तिथे `AVC` ३,३५० येतो. `MC(5)` काढा, तोही ३,३५०. तक्त्यात पाचव्या आदणाचा सीमांत खर्च ₹३,३१० होता, मग हा ₹३,३५० कुठून आला, असं इथे हमखास विचारलं जातं. तक्त्यातला आकडा चारवरून पाचवर जाताना वाढलेला पूर्ण खर्च आहे, तर सूत्रातला आकडा बरोबर पाचवर उभं राहून काढलेला उतार आहे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एकाच उदाहरणात ते मिसळू नयेत.

`p = MC` मांडून `q` सोडवला की वर्गसमीकरणाची दोन उत्तरं येतात. दर ३,३०० घातला तर सुमारे २.२८ आणि ४.३९. लहान उत्तर उतरत्या बाजूवरचं, ते सोडायचं. मोठं ठेवायचं आणि मग दुसरी तपासणी लावायची:

```
p >= 3350 असेल तर:  q = (10 + sqrt(0.3p - 980)) / 3
p <  3350 असेल तर:  q = 0
```

३,३५० वर दोन्ही उत्तरं चालतात, पाचही आणि शून्यही. ३,४८० घालून बघा, `q` सहा येतो. ३,६७० ला सात, ३,९२० ला आठ. ३,३०० चं ४.३९ हे उत्तर दुसऱ्या ओळीने बाद होतं. ही दुसरी ओळ लिहायची राहते आणि तिथेच गुण जातात.

वक्र कशाने सरकतो?

वक्र नीट समजला की नाही हे दोन बदल करून तपासता येतं. पुढच्या हंगामात मालकाने भाडं ₹५०,००० ने वाढवलं आणि ते भरून झालं, असं समजा. दिवसाचा बुडीत खर्च ₹४०० ने वाढला. पुरवठा वक्र तसूभरही हलत नाही. ₹३,५०० दराला आजही सहाच आदणं, फक्त दिवसाचा तोटा ₹१,१२० ऐवजी ₹१,५२०.

दुसरा बदल उसाचा. केंद्र सरकारने उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, साखरेच्या १०.२५ टक्के उताऱ्याला २०२४-२५ साठी क्विंटलमागे ₹३४० ठेवली होती, ती २०२५-२६ साठी ₹३५५ केली. गुऱ्हाळवाला एफआरपीने ऊस घेत नाही, पण शेतकऱ्याला कारखान्याकडे जाण्याची वाट मोकळी असल्याने तोही वाढीव दर मागणार. त्याने तेवढेच ₹१५ वाढवून मागितले, तर साडेनऊ क्विंटल उसामागे प्रत्येक आदण ₹१४२.५० ने महागतं. उशिराच्या आदणांना ऊस जास्त लागतो, तिथे वाढ थोडी अधिक. सीमांत आणि सरासरी बदलता, दोन्ही वक्र वर सरकतात आणि बंद-बिंदू ₹३,४९० च्या आसपास जातो. ₹३,५०० दराला सहाव्या आदणाचा खर्च आता ₹३,५५० च्या वर गेला, म्हणून पाचवर थांबायचं. पाच आदणं मिळून वर सुटतात जेमतेम ₹३७-३८. आणखी दहा रुपयांनी दर पडला की गुऱ्हाळ बंद.

भाडं पूर्ण बुडीत नसेल तर

आतापर्यंत करारात पोटभाड्याला मनाई होती. ती नाही असं धरा, आणि शेजारचा कुणी गुऱ्हाळ आपण न चालवलेल्या दिवशी ₹८०० देऊन वापरायला तयार आहे. मग ₹१,९६० पैकी ₹८०० आता बुडीत राहिले नाहीत, कारण बंद ठेवल्यावर ते परत मिळतात. चालू ठेवायचं तर बदलता खर्च निघून वर किमान ₹८०० उरले पाहिजेत. सहा आदणांवर हा हिशेब ₹३,३६० अधिक ₹८०० चा सहावा हिस्सा, म्हणजे ₹३,४९३ च्या थोडं वर. पाचवर ₹३,५१० आणि सातवर ₹३,५०४ पडतो, म्हणून सर्वांत खालचा सहाचाच.

बंद-बिंदू ₹३,३५० वरून ₹३,४९३ वर सरकला, पण त्याच्या वरचा वक्र तोच राहिला, कारण एकाही आदणाचा सीमांत खर्च बदललेला नाही. वक्राचं खालचं टोक तेवढं कापलं गेलं आणि उडी शून्यावरून सहावर झाली. म्हणून ‘बंद-बिंदू म्हणजे सरासरी बदलत्या खर्चाचा तळ’ हे विधान स्थिर खर्च पूर्ण बुडीत असतानाच खरं. थोडा भाग सोडवता येत असेल तर तो भाग टाळता येण्याजोगा खर्च म्हणून आत घ्यायचा.

उलट दिशेचाही प्रकार असतो. एक दिवस चुलवाण विझवलं आणि गडी दुसऱ्या गुऱ्हाळावर गेले, तर ते परत मिळवायला जादा उचल द्यावी लागते. बंद करण्याचा असा वेगळा खर्च असेल तर एक-दोन दिवसांच्या पडझडीत ₹३,३५० च्या थोडं खालीही चालवणं परवडतं. दर बरेच दिवस खालीच राहणार असं दिसलं की मात्र तो खर्च एकदाच सोसून बंद करणं स्वस्त पडतं.

त्याच गुऱ्हाळाचे तीन आकडे

कुठला खर्च बुडीत हे आपण कुठल्या दिवशी उभे आहोत त्यावर ठरतं. भाडेकरारावर सही व्हायची असताना ₹२,४५,००० खिशातच असतात. तेव्हा ते हिशेबात येतात. सात आदणांवर सरासरी बदलता खर्च ₹३,३९० आणि भाड्याचा वाटा ₹२८०, मिळून ₹३,६७०, आणि सरासरी एकूण खर्चाचा हाच तळ. हंगामभर सरासरी ₹३,६७० मिळणार नाहीत असं वाटत असेल तर सही करू नये. सही झाल्यावर हा आकडा विसरायचा आणि ₹३,३५० बघायचा. या दोन आकड्यांच्या मधल्या दरात रोज तोटा दिसतो आणि तरीही गुऱ्हाळ चालवणंच बरोबर असतं.

तिसरा आकडा पुस्तकात क्वचित येतो, पण गुऱ्हाळावर तो रोजचा आहे. पाच आदणांचा ऊस तोडून आवारात येऊन पडला आणि दुपारी कळलं की सौदा ₹३,२०० ला उतरला. उसाचे ₹१४,२५० देणं झालं आहे. तोडलेला ऊस तासातासाला वाळतो, वजन आणि उतारा दोन्ही घटतात, आणि सुट्या मोळ्या कारखाना ऐनवेळी घेत नाही. म्हणजे ते ₹१४,२५० आता बुडीत. पाच आदणांच्या ₹१६,७५० मधून ते काढले की टाळता येण्याजोगे उरतात फक्त ₹२,५००, क्विंटलमागे ₹५००. दर ₹३,२०० सोडा, ₹१,२०० असता तरी तो ऊस गाळायचाच. शेजारच्या गुऱ्हाळाने तोच ऊस क्विंटलला ₹१०० ने उचलायची तयारी दाखवली, तर साडेनऊ क्विंटलचे ₹९५० त्यात मिळवायचे आणि ₹१,४५० च्या वर दर असेल तोवर स्वतः गाळायचा.

त्याच संध्याकाळी टोळीला उद्याची तोड सांगायची असते. तो ऊस अजून फडात उभा आहे, त्याचे पैसे अजून आपल्याकडेच आहेत, म्हणून त्याच्यासाठी आकडा पुन्हा ₹३,३५० चा. गूळ सौद्यात जाईपर्यंत दर ₹३,३५० च्या वर येईल असं वाटत नसेल, तर आजचा ऊस रात्रीपर्यंत गाळून संपवायचा आणि उद्याची तोड थांबवायची.